बँक हमीची खातरजमा थेट शाखेकडून

निविदा भरणारा कंत्राटदार आपल्या आर्थिक बळाचा पुरावा म्हणून बँकेचे दोन प्रकारचे कागद देतो. पहिला सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे बँकेने दिलेला ऐपतीचा दाखला. दुसरा बँक गॅरंटी, म्हणजे बँक हमी. दोन्ही कागद बँकेच्या नावाचे असतात, दोन्हींवर शिक्का आणि सही असते. मात्र बहुतेक वेळा ते बँकेकडून थेट येत नाहीत. कंत्राटदार ते शाखेतून घेतो आणि स्वतःच कार्यालयात सादर करतो, किंवा त्यांची स्कॅन केलेली प्रत ई-निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात अपलोड करतो. ज्याची ऐपत तपासायची, त्याच्याच हातून तपासणीचा पुरावा येतो. म्हणून कागद स्वीकारण्यापूर्वी तो देणाऱ्या शाखेकडे कार्यालयाने स्वतः विचारणा करणे ही खरेदी-प्रक्रियेतली स्वतंत्र पायरी आहे.

दाखला आणि हमी यांतील फरक

ऐपतीच्या दाखल्यात बँक आपल्या ग्राहकाविषयी मत देते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत या दाखल्याचा ठरलेला नमुना असतो. अमुक ग्राहक आमच्या माहितीप्रमाणे पतवान असून इतक्या रकमेपर्यंतच्या व्यवहारासाठी योग्य मानता येईल, एवढेच त्यात बँक सांगते. हा दाखला देताना बँकेवर किंवा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही जबाबदारी येत नाही, असेही त्याच नमुन्यात लिहिलेले असते. खात्यातील उलाढाल, मंजूर कर्जमर्यादा, तारण मालमत्ता आणि व्यवहाराचा इतिहास पाहून शाखा हे मत बनवते. कंत्राटदार पुढे बुडाला तरी दाखल्याच्या आधारे बँकेकडून एक रुपयाही मागता येत नाही.

बँक हमीचे तसे नाही. ती भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२६ प्रमाणे हमीचा करार असते. कंत्राटदाराने कराराची अट मोडली आणि लाभधारक कार्यालयाने मुदतीत लेखी मागणी केली, तर बँकेला ठरलेली रक्कम द्यावी लागते. कंत्राटदार आणि कार्यालय यांच्यातील वादात बँक पडत नाही. हमीची रक्कम देण्यास न्यायालयाकडून स्थगिती मिळणेही कठीण असते. ठळक स्वरूपाची फसवणूक किंवा कधीही भरून न येणारे नुकसान असेल तरच तसा हस्तक्षेप करावा, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. म्हणून खरी हमी जवळपास रोख रकमेच्या तोडीची मानली जाते. बनावट हमीच्या मागे मात्र कोणीच उभे नसते. ज्या बँकेचे नाव कागदावर आहे ती ‘हा आमचा कागद नाही’ असे सांगून मोकळी होते आणि सगळे नुकसान कार्यालयाच्या अंगावर पडते.

या फरकामुळे खातरजमेचा अर्थही बदलतो. दाखल्याबाबत एवढेच कळते की हा कागद त्या शाखेने, त्या ग्राहकाला, त्या रकमेसाठी दिला आहे. ग्राहकाची ऐपत आज किती आहे हे त्यातून कळत नाही. हमीबाबत मात्र बँक स्वतःवरील देण्याला दुजोरा देत असते. त्यामुळे तिथे रक्कम, मुदत, लाभधारकाचे नाव आणि हमीचा मजकूर या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो.

महाराष्ट्रात तहसीलदाराकडून मिळणारे ऐपत प्रमाणपत्र वेगळे असते. ते स्थावर मालमत्तेच्या आधारे महसूल यंत्रणा देते. त्याची खातरजमा तहसील कार्यालयाकडून करावी लागते. बँकेचा त्याच्याशी संबंध नसतो. निविदेत ‘बँकेचा दाखला’ मागितला असेल, तर तहसीलदाराचे प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही.

नियमांत काय आहे

बँकांनी हमी कशी द्यावी याविषयी रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. हमी अनुक्रमांक असलेल्या सुरक्षित कागदावर द्यावी आणि ती लाभधारकाकडे पाठवताना त्याने स्वतःच्या हितासाठी देणाऱ्या बँकेकडे तिची सत्यता पडताळून पाहावी, अशी सूचना द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्येक बँकेने ठरवलेल्या मर्यादेपुढच्या हमीवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या असाव्यात, तिच्या तीन प्रती असाव्यात आणि लाभधारकाने शाखेबरोबर तिच्या नियंत्रक किंवा मुख्य कार्यालयाकडूनही दुजोरा घ्यावा, अशीही तरतूद आहे. दुसरी सही आणि वरच्या कार्यालयातली प्रत या दोन्हींमागे हेतू एकच आहे. शाखेतल्या एका माणसाच्या मर्जीवर हमी निघू नये.

घेणाऱ्याच्या बाजूने केंद्रीय दक्षता आयोगाचे ३१ डिसेंबर २००७ चे परिपत्रक अधिक नेमके आहे. मूळ हमी बँकेने नोंदणीकृत टपालाने थेट लाभधारकाकडे पाठवावी, हा त्यातला मूळ नियम. अपवाद म्हणून ती कंत्राटदाराच्या हातून आलीच, तर शाखेने मुद्रांक नसलेली तिची दुसरी प्रत सोबतच्या पत्रासह थेट कार्यालयाकडे पाठवावी आणि कार्यालयाने दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. याशिवाय प्रत्येक हमीची स्वतंत्र पडताळणी करावी. पडताळणी, वेळेवर मुदतवाढ आणि वेळेवर वसुली या तीन कामांसाठी एक अधिकारी नावानिशी नेमावा, असेही परिपत्रक सांगते. शेवटची सूचना साधी दिसते; पण हमीची फाईल अभियंता आणि लेखा शाखा यांच्यात फिरत राहते तेव्हा ‘त्यांनी विचारले असेल’ या समजुतीवर काम चालते. एका अधिकाऱ्याचे नाव ठरलेले असले की तशी समजूत राहत नाही.

हे परिपत्रक केंद्रीय संस्था आणि सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना, जिल्हा परिषदांना आणि नगर परिषदांना त्यांच्या विभागाचे नियम आणि निविदेतील अटी लागू होतात. पद्धत मात्र कुठेही वापरता येण्याजोगी आहे.

पत्ता कागदावरून घ्यायचा नाही

खातरजमेत सर्वाधिक चुका पहिल्याच पावलावर होतात. कार्यालयीन लिपिक हमीच्या कागदावर छापलेला ईमेल किंवा दूरध्वनी क्रमांक घेतो आणि तिथेच विचारणा करतो. कागद बनावट असेल, तर त्यावरचा पत्ताही बनावट करणाऱ्यानेच टाकलेला असतो. विचारणा त्याच्याकडे जाते आणि ‘हमी खरी आहे’ असे उत्तरही तोच देतो. फाईलमध्ये पडताळणीचा कागद लागतो, पण पडताळणी झालेलीच नसते.

म्हणून शाखेचा पत्ता दुसरीकडून शोधावा लागतो. बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर शाखांची यादी असते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आयएफएससी क्रमांकावरून शाखा शोधता येते. हा क्रमांक अकरा अक्षर-अंकांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान शून्याचे आणि उरलेली सहा स्थाने शाखेची. कागदावरचा क्रमांक आणि शाखेचे नाव यांचा मेळ बसत नसेल, तर तिथेच थांबायला हवे. कार्यालयाचे स्वतःचे खाते ज्या बँकेत आहे तिच्या व्यवस्थापकाकडूनही दुसऱ्या बँकेच्या शाखेचा खरा संपर्क मिळू शकतो.

ईमेलच्या पत्त्यात @ या चिन्हापुढचा भाग अक्षर न् अक्षर वाचावा लागतो. सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या केंद्रीय कंपनीला दिलेल्या ६८.२ कोटी रुपयांच्या कथित बनावट हमीच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेली माहिती बोलकी आहे. संचालनालयाच्या म्हणण्यानुसार हमी खरी भासवण्यासाठी sbi.co.in या खऱ्या नावाऐवजी s-bi.co.in या नावावरून ईमेल पाठवले गेले. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून मधली लहानशी रेघ सहज सुटते.

ही अडचण कमी करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांसाठी .bank.in हे राखीव डोमेन आणले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी त्यावर यावे असे सांगितले. या शेवटाची नावे फक्त बँकांना मिळतात. त्यामुळे संकेतस्थळाच्या नावाचा शेवट पाहणे ही सोपी पहिली चाचणी झाली आहे. पण ईमेल उघडल्यावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव कोणालाही हवे तसे लिहिता येते. प्रत्यक्ष पत्ता त्याच्या मागे दडलेला असतो. शिवाय उत्तर पाठवताना ते वेगळ्याच पत्त्यावर जाईल अशी सोय ईमेलमध्ये करता येते. म्हणून आलेल्या ईमेललाच उत्तर देण्याऐवजी, स्वतंत्रपणे शोधलेल्या पत्त्यावर नवा ईमेल लिहिणे सुरक्षित.

शाखेला काय विचारायचे

‘सोबतचा दाखला खरा आहे का?’ या प्रश्नाला शाखा ‘होय’ म्हणू शकते आणि तरीही फसवणूक होऊ शकते. दाखला खरोखरच दिलेला असतो, फक्त त्यावरची रक्कम नंतर बदललेली असते. शाखेतला कर्मचारी क्रमांक आणि नाव पाहून होकार देतो. म्हणून पत्रासोबत कागदाची पूर्ण प्रत जोडावी, पण तपशील शाखेने आपल्या नोंदवहीतून स्वतः भरून द्यावा असे कळवावे. विचारणा साधारण अशी असते:

१. सोबत जोडलेला कागद आपल्या शाखेने दिला आहे का? आपल्या नोंदीप्रमाणे त्याचा क्रमांक आणि तारीख काय?
२. तो कोणाच्या नावे आणि कोणत्या कार्यालयासाठी दिला आहे?
३. त्याची रक्कम अंकांत आणि अक्षरांत किती?
४. हमी असल्यास तिची मुदत आणि मागणी करण्याची अखेरची तारीख कोणती?
५. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे, हुद्दे आणि सही-अधिकार क्रमांक काय?
६. तो कागद आज अमलात आहे, की रद्द, दुरुस्त किंवा परत घेतला गेला आहे?

उत्तर सहीच्या पत्राने, थेट कार्यालयाच्या पत्त्यावर मागवावे आणि विचारणेची प्रत बँकेच्या विभागीय किंवा नियंत्रक कार्यालयालाही पाठवावी. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे टपाल पाठवताना नोंदणी आणि पोचपावतीची सोय मागून घ्यावी लागते. विचारणेचे पत्र कंत्राटदाराच्या माणसाकडे देऊन ‘शाखेतून सही आणा’ असे सांगणे म्हणजे ज्याच्यामुळे तपासणी करायची त्याच्याच हाती ती पुन्हा देणे. शाखा जवळ असेल तर कार्यालयाच्या कर्मचाऱ्याने स्वतः जावे, व्यवस्थापकाला भेटावे आणि पोचेवर शिक्का घ्यावा.

दाखल्याबाबत काही शाखा ग्राहकाच्या गोपनीयतेचे कारण देऊन उत्तर टाळतात. ग्राहकाच्या खात्याचा तपशील बँकेने बाहेर देऊ नये हे बरोबरच आहे. पण आपण दिलेला कागद आपणच दिला की नाही हे सांगण्यासाठी खात्यात डोकवावे लागत नाही. तरीही वाद नको म्हणून निविदेच्या अटींतच ‘सादर केलेल्या बँक कागदपत्रांची पडताळणी करण्यास निविदाधारकाची संमती राहील’ असे वाक्य घातले आणि त्या संमतीची सही असलेली प्रत पत्रासोबत जोडली, की शाखेला आक्षेपाचे कारण राहत नाही.

बँकेकडून बँकेकडे जाणारा संदेश

हमीच्या बाबतीत टपाल आणि ईमेल यांच्यापेक्षा भक्कम मार्ग आहे तो एसएफएमएसचा. देशातल्या बँकांची आपसांतील संदेश पाठवण्याची ही सुरक्षित यंत्रणा डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाली. एनईएफटीसारखे व्यवहारही तिच्यावरून चालतात. हमी देणारी शाखा कागद तयार करतानाच या यंत्रणेतून लाभधारकाच्या बँकेला IFN 760 COV नावाचा संदेश पाठवते. हमीत नंतर बदल झाला किंवा मुदत वाढली, तर IFN 767 COV हा संदेश जातो. कंत्राटदाराला या यंत्रणेत शिरकाव नसतो आणि ईमेलसारखे बनावट नाव धारण करून तिथे संदेश टाकता येत नाही.

यासाठी कार्यालयाने दोन गोष्टी आधी करायला हव्यात. आपल्या खात्याच्या शाखेचे नाव आणि आयएफएससी क्रमांक निविदेतच छापायचा आणि ‘या शाखेकडे संदेश आल्याशिवाय हमी स्वीकारली जाणार नाही’ अशी अट घालायची. मग कागदी हमी आली की आपल्या बँकेत जाऊन संदेशाची छापील प्रत घ्यायची आणि कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहायची. कंत्राटदाराने आणलेली संदेशाची छापील प्रत पुरावा धरायची नाही. ती कोणत्याही संगणकावर तयार करता येते. संदेश आपल्या बँकेच्या पडद्यावर आहे, हे आपल्या बँकेने सांगायला हवे.

२०२२ पासून कागदाविना दिली जाणारी ई-बँक हमीही उपलब्ध आहे. नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस लिमिटेड या संस्थेच्या व्यासपीठावर मुद्रांक आणि सही दोन्ही डिजिटल होतात आणि हमी थेट लाभधारकाला दिसते. तिथे कागद वाहून नेणारा मधला माणूसच उरत नाही.

एका कामाचे उदाहरण

समजा, एका नगर परिषदेने आठ कोटी रुपयांच्या जलवाहिनीच्या कामाची निविदा काढली. बयाणा रक्कम ऑनलाइन भरायची होती. तांत्रिक लिफाफ्यात बँकेचा किमान १ कोटी ६० लाखांचा ऐपतीचा दाखला मागितला होता आणि काम मिळणाऱ्याने पाच टक्के, म्हणजे ४० लाखांची बँक हमी द्यायची होती. तीन निविदा आल्या.

तांत्रिक लिफाफे उघडल्यानंतर आणि आर्थिक लिफाफे उघडण्यापूर्वी लेखापालाने तिन्ही दाखल्यांच्या प्रती त्या त्या शाखांना पाठवल्या. दोन उत्तरे व्यवस्थित आली. तिसऱ्या शाखेने कळवले की त्या क्रमांकाचा दाखला त्याच तारखेला त्याच कंपनीला दिला आहे, पण तो ६० लाखांचा आहे. नगर परिषदेकडच्या प्रतीत १,६०,००,००० असा आकडा होता. ६०,००,००० च्या आधी एक अंक आणि स्वल्पविराम, तर अक्षरांतल्या ‘साठ लाख’च्या आधी ‘एक कोटी’ घातले होते. कागद, क्रमांक, शिक्का आणि सही सगळे खरे होते. शाखेला रक्कम स्वतःहून लिहायला सांगितली नसती, तर ‘दाखला आम्हीच दिला आहे’ एवढे उत्तर येऊन विषय संपला असता. ही तपासणी आर्थिक लिफाफ्याच्या आधी झाल्याचाही फायदा झाला. दर उघडल्यानंतर हीच कंपनी सर्वांत स्वस्त ठरली असती, तर तिला बाहेर काढताना तक्रारी आणि न्यायालयीन वाद वाढले असते.

काम दुसऱ्या कंपनीला मिळाले. तिने ४० लाखांची हमी आणली. नगर परिषदेच्या बँकेत IFN 760 COV हा संदेश आला होता. क्रमांक, रक्कम आणि लाभधारकाचे नाव जुळले. मात्र मुदत तपासताना गफलत आढळली. काम अठरा महिन्यांचे होते आणि त्यापुढे चोवीस महिन्यांचा दोषदायित्व कालावधी होता. निविदेप्रमाणे हमी दोषदायित्व संपल्यानंतर आणखी साठ दिवस चालू राहायला हवी होती. कागदावर ती वीस महिन्यांतच संपत होती. हमी खरी होती, पण निविदेच्या अटीप्रमाणे नव्हती. मुख्याधिकाऱ्यांनी करारनामा करण्याआधी दुरुस्ती मागितली. शाखेने IFN 767 COV या संदेशासह सुधारित मुदत कळवली. मगच कार्यादेश निघाला.

पुढे काम लांबले आणि कंत्राटदाराने हमीला सहा महिन्यांची मुदतवाढ दिल्याचे बँकेचे पत्र आणून दिले. मूळ हमी खरी ठरलेली असल्यामुळे हे पत्र फाईलला लावून टाकण्याचा मोह सहज होतो. हमी ठेवणाऱ्या कार्यालयांची नजर याच जागी ढिली पडते. लेखापालाने आपल्या बँकेत चौकशी केली. दुरुस्तीचा कोणताही नवा संदेश आलेला नव्हता. शाखेने विचारल्यावर सांगितले की असे पत्र दिलेलेच नाही. मूळ हमीची मुदत अजून संपलेली नव्हती. त्यामुळे नगर परिषदेने मुदतीच्या आत लेखी मागणी करून ४० लाख रुपये वसूल केले. हीच विचारणा मुदत संपल्यानंतर झाली असती, तर वसुली करण्यासारखे काहीच हाती उरले नसते. म्हणून मुदतवाढीचे प्रत्येक पत्र नव्या हमीइतक्याच काटेकोरपणे तपासावे लागते, तेही जुनी मुदत संपायच्या बऱ्याच आधी.

दुजोराच खोटा असेल तर

शाखेला विचारले की काम झाले, असे मानता येत नाही. मध्य प्रदेश जल निगमच्या तीन सिंचन प्रकल्पांचे प्रकरण याचे मोठे उदाहरण आहे. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्यानुसार इंदूरच्या एका कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ९७४ कोटी रुपयांची ही कामे मिळवली आणि त्यांसाठी १८३.२१ कोटींच्या आठ बनावट बँक हम्या दिल्या. जल निगमने पडताळणी केली होती. तिला एका सार्वजनिक बँकेच्या अधिकृत डोमेनचे सोंग घेतलेल्या ईमेलवरून ‘हम्या खऱ्या आहेत’ असे उत्तर आले आणि त्यावर विसंबून कामे दिली गेली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२५ मध्ये विभागाने गुन्हे नोंदवले आणि पुढच्या महिन्यात केलेल्या अटकांमध्ये बँकेच्या एका वरिष्ठ व्यवस्थापकाचाही समावेश होता.

या प्रकरणातून दोन वेगळ्या त्रुटी दिसतात. पहिली म्हणजे एकाच मार्गाने आलेल्या उत्तरावर भिस्त. ईमेलने उत्तर आले तर त्याच शाखेच्या स्वतंत्रपणे शोधलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आणि टपालाने किंवा एसएफएमएसने दुसरा दुजोरा घ्यावा. दोन मार्गांची उत्तरे जुळत नसतील, तर जे सोयीचे आहे ते खरे धरायचे नसते. दुसरी त्रुटी म्हणजे शाखेतला माणूसच सामील असण्याची शक्यता. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून दिलेल्या हमीपत्रांचा घोटाळा २०१८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा संदेश खऱ्या यंत्रणेतून गेले होते, पण बँकेच्या मुख्य संगणकीय नोंदीत त्यांचा पत्ता नव्हता. ती हमीपत्रे निविदेतील हमीपेक्षा वेगळ्या प्रकारची होती, पण धडा तोच आहे. शाखेच्या होकाराला वरच्या कार्यालयाच्या नोंदीची जोड लागते. म्हणूनच मोठ्या रकमेच्या हमीबाबत नियंत्रक कार्यालयाचा दुजोराही घ्यायचा असतो.

काही खुणा उत्तर येण्यापूर्वीच सावध करतात. रकमेच्या मानाने अगदी लहान किंवा दूरच्या राज्यातली शाखा, कंत्राटदाराचे कामकाज जिथे आहे तिथून कोणताही संबंध नसलेली बँक, हमीच्या तारखेनंतर विकत घेतलेला मुद्रांक, दोनऐवजी एकच सही, निविदेतल्या नमुन्याहून वेगळा मजकूर, आणि विचारणा जाताच काही तासांत कंत्राटदाराकडूनच ‘शाखेने उत्तर पाठवले आहे’ असा निरोप. यांपैकी एखादी खूण म्हणजे फसवणुकीचा पुरावा नाही. पण अशी खूण दिसली तर पडताळणी पूर्ण होईपर्यंत कार्यादेश थांबवणे योग्य.

कागद बनावट निघाल्यास

शाखेने लेखी नकार दिला की मूळ कागद कंत्राटदाराला परत द्यायचा नाही. तो लिफाफ्यासह सीलबंद करून ठेवायचा आणि तो कोणी, कधी, कोणाकडे दिला याची आवक नोंद जपायची. ई-निविदेत अपलोड केलेल्या प्रतीची वेळ आणि डिजिटल सही यांचा तपशीलही पुरावा म्हणून राखावा. त्यानंतर कंत्राटदाराला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले जाते. निविदेच्या अटींप्रमाणे निविदा बाद करणे, बयाणा जप्त करणे आणि काही काळासाठी काळ्या यादीत टाकणे हे निर्णय नोटीस आणि सुनावणी झाल्यावर टिकतात. त्यांना फाटा दिल्यास न्यायालयात अडचण येते.

बनावट हमी हा दिवाणी वादापुरता विषय राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बनावट दस्त तयार करणे, मूल्यवान रोख्याचे बनावटीकरण आणि बनावट दस्त खरा म्हणून वापरणे हे अनुक्रमे कलम ३३६, ३३८ आणि ३४० खाली गुन्हे आहेत. तक्रार देताना शाखेचे नकाराचे मूळ पत्र, विचारणेची पोचपावती आणि ईमेल असल्यास त्याची संपूर्ण तांत्रिक प्रत द्यावी लागते. हे सगळे कागद तयार असतील तर तपास कागदावरून माणसापर्यंत पोहोचतो.

या सगळ्या प्रक्रियेला वेळ लागतो, म्हणून तो निविदेच्या वेळापत्रकातच धरावा. दाखल्यांची विचारणा तांत्रिक मूल्यांकनाच्या दिवसांत आणि हमीची विचारणा करारनाम्याच्या आधी पूर्ण व्हायला हवी. शाखेकडून उत्तर आले नाही तर ‘उत्तर नाही म्हणजे हरकत नाही’ असे मानून पुढे जाऊ नये. नियंत्रक कार्यालयाला स्मरणपत्र पाठवावे. कार्यालयाने स्वतः शोधलेल्या पत्त्यावर केलेल्या विचारणेचे उत्तर कंत्राटदाराला वगळून परत आल्याखेरीज, दाखला असो वा हमी, ती स्वीकारलेली नाही असेच धरले पाहिजे.